तोंडाचा लकवा आणि बऱ्या झालेल्यांची वही

(इंदूरमधील मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज मी एकाच आजाराला धरून बोलणार आहे. सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने ओघळतं, आरशात पाहिलं तर तोंड वाकडं झालेलं, एक डोळा मिटत नाही. आपल्याकडे थंडीत असा माणूस दिसला की लोक म्हणतात, हवा लागली, तोंडाचा लकवा झाला. वैद्यकात याला बेल्स पाल्सी म्हणतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी एका बाजूची नस सुजून काम थांबवते. या आजारात त्या बाजूच्या कपाळावरही आठ्या पडत नाहीत. कपाळ नीट हलतंय आणि फक्त ओठ वाकडा आहे, किंवा हातपाय जड झालेत, बोलणं अडखळतंय, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा घरी थांबायचं नाही, तडक मोठ्या रुग्णालयात जायचं.

आता समजा, आपल्या इंदूरच्या छावणी भागात एक उपचार करणारे आहेत. मालीश, शेक, एखादं औषध, काय करतात ते तूर्त बाजूला ठेवू. त्यांनी मनापासून वही ठेवली आहे. 40 रुग्ण आले, 26 शेवटपर्यंत येत राहिले, त्यांतले 23 बरे झाले. 26 पैकी 23 म्हणजे 88 टक्के. शिवाय आधीचे आणि नंतरचे फोटो आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, आणखी काय पुरावा हवा? एका रुग्णाची अशी हकीकत लिहिली तर ती केस रिपोर्ट, आणि अनेकांची एकत्र मांडली तर केस सिरीज, म्हणजे रुग्णांची मालिका.

या वहीवर विश्वास ठेवण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो. यांनी काहीच केलं नसतं तर किती जण बरे झाले असते? सहसा याचं उत्तर कोणाकडे नसतं. बेल्स पाल्सीच्या बाबतीत मात्र आहे. डेन्मार्कमधले कानतज्ज्ञ एरिक पीटर्सन यांनी कोपनहेगन भागातले 1701 रुग्ण कोणताही उपचार न देता नियमित तपासले आणि 2002 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. 85 टक्के रुग्णांच्या चेहऱ्यात तीन आठवड्यांच्या आत हालचाल परत येऊ लागली. 71 टक्के जणांचा चेहरा पूर्ववत झाला, तोही काही न करता. ज्यांचा चेहरा सुरुवातीला थोडाफार हलत होता, त्यांच्यातले तर 94 टक्के पूर्ण बरे झाले. हालचाल पूर्णच गेली होती, त्यांच्यात हे प्रमाण 61 टक्के.

हे आकडे हातात घेऊन छावणीच्या वहीकडे परत या. 40 जणांतले सुमारे 28 नुसती वाट पाहूनही पूर्ण बरे झाले असते. आणि जे 14 जण यायचे थांबले, त्यांचं काय झालं? कदाचित बरे झाले म्हणून आले नसतील, कदाचित फरक पडेना म्हणून दुसरीकडे गेले असतील. ते सगळे बरे झाले नाहीत असं धरलं तर 40 पैकी 23, म्हणजे 57 टक्क्यांच्या आसपास. सगळे बरे झाले असं धरलं तर 37, म्हणजे 92 टक्के. एकाच वहीतून उपचार निरुपयोगी असल्याचंही निघतं आणि उत्तम असल्याचंही.

शिवाय माणूस पहिल्याच दिवशी इथे पोचतो असं नाही. आधी घरची मालीश होते, मग कोणीतरी सांगितलेला राजवाड्याजवळचा उपचार, आणि तिसऱ्या आठवड्यात हा छावणीतला. नेमकी तेव्हाच नस आपणहून जागी होऊ लागलेली असते. श्रेय शेवटच्या उपचाराला मिळतं. यात कोणी खोटं बोलत नाही. रुग्णही खरं सांगतो, उपचार करणारेही. म्हणूनच ही चूक पकडणं इतकं कठीण आहे.

तुम्ही म्हणाल, पीटर्सन यांचीही मालिकाच होती की. होती. पण त्यांनी उपचाराचा गुण सांगितला नाही, आजार आपल्या वाटेने कसा जातो ते सांगितलं. त्या कामाला मालिका उत्तम असते, रुग्ण सलग घेतलेले असतील आणि सुटलेल्यांचा पाठपुरावा केला असेल तर.

उपचाराचा प्रश्न सोडवायला तुलना लागते. स्कॉटलंडमध्ये तशी चाचणी झाली, 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. आजार सुरू होऊन 72 तासांच्या आत आलेले 551 रुग्ण घेतले. कोणाला सूज उतरवणारं स्टिरॉइड प्रेडनिसोलोन, कोणाला विषाणूवरचं औषध असायक्लोविर, कोणाला दोन्ही आणि कोणाला नुसती दिखाऊ गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. चेहऱ्याचे फोटो ज्यांनी तपासले, त्यांना कोणाला काय दिलंय ते माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी प्रेडनिसोलोन घेतलेल्यांपैकी 83 टक्के पूर्ण बरे होते, न घेतलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के. नऊ महिन्यांनी 94 आणि 82. औषधाचा खरा वाटा हा मधला फरक आहे. डॉक्टरच्या डोळ्यांपुढे मात्र 94 टक्के बरे झालेले दिसतात आणि तो सगळा आकडा औषधाचाच वाटतो.

असायक्लोविरचं काय झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1996 मध्ये जपानी डॉक्टरांनी 14 रुग्णांच्या नसेजवळचा द्रव तपासला आणि 11 जणांत हर्पिसच्या विषाणूचा अंश सापडला. विषाणू आहे तर त्यावरचं औषध लागू पडेल, ही कल्पना अगदी रास्त होती. अशी कल्पना सुचवणं हे लहान निरीक्षणांचं मोठं काम आहे. पण चाचणीत असायक्लोविर दिलेल्यांना काहीही जास्त फायदा दिसला नाही.

याच आजाराची दुसरी बाजू पाहा. 2000 सालच्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये फ्लूची नाकात फवारायची नवी लस आली. त्यानंतर तोंड वाकडं झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या, एकूण 46. आजार नेहमीचाच, पण नोंदी करणाऱ्या डॉक्टरांना लस आणि आजार यांची जवळीक खटकली. तेवढ्यावर लसीला दोषी ठरवता आलं नसतं, कारण दर लाख माणसांत वर्षाला वीस-तीस जणांना हा आजार असाही होतो. म्हणून तुलना केली. आजार झालेल्यांपैकी चौथ्या भागाहून जास्त जणांनी ती लस घेतली होती, आजार नसलेल्यांपैकी जेमतेम एका टक्क्याने. लस घेतल्यावर दुसऱ्या महिन्यात धोका सर्वांत जास्त होता. ती लस वापरातून गेली. एकेकट्या डॉक्टरांनी कागदावर चार ओळी लिहिल्या नसत्या, तर ही तुलना करायचं कोणाला सुचलंच नसतं.

मालिकेवरून थेट निर्णय घेता येतो असे प्रसंगही आहेत. 1922 मध्ये टोरांटोत मधुमेही मुलांना इन्सुलिन मिळू लागलं, तेव्हा त्या मुलांचं पुढे काय होणार हे सर्वांना ठाऊक होतं. ती वाचत नसत. तिथे थोडी मुलं जगली तरी उत्तर स्पष्ट होतं. जो आजार दहातल्या सात जणांत आपणहून जातो, तिथे ही सवलत नाही.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले: मग छावणीतल्या वहीचं काय करायचं?)

ती वही चालू ठेवायची, फक्त वेगळ्या पद्धतीने लिहायची. दारात आलेला प्रत्येक रुग्ण नोंदवायचा, बरा होणारा तेवढाच नाही. आजार कोणत्या तारखेला सुरू झाला आणि आपल्याकडे कधी आला, या दोन्ही तारखा लिहायच्या. पहिल्या दिवशी डोळा किती मिटत होता, कपाळ हलत होतं का, आधी कोणती औषधं घेतली होती, तेही लिहायचं. जो यायचा थांबला त्याला सहा महिन्यांनी फोन करायचा. कानात किंवा कानामागे पुरळ दिसलं तर तो वेगळा, जास्त हट्टी आजार असतो, त्याची नोंद वेगळी. आणि रुग्ण पहिल्या 72 तासांत आला असेल, तर त्याला त्याच दिवशी प्रेडनिसोलोनसाठी डॉक्टरकडे पाठवायचं. साखरेचा त्रास असेल तर तेही सांगायला लावायचं, कारण या गोळीने साखर वाढते. उघडा राहणारा डोळा दिवसा थेंब घालून ओला ठेवायचा आणि रात्री पट्टीने मिटवायचा.