धंद्याचं नाव बदललं? पार्टीला काय कळवायचं, आणि तारीख का विसरायची नाही

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच विषयावर आहेत. ‘फर्मचं नाव बदललं, सगळ्यांना व्हॉट्सॲप केलं, तरी बिलं जुन्याच नावाने येतात, काय करू?’ कुडाळमधून आलीय, दापोलीतून आलीय, आणि एकाने तर नुसतं ‘सर प्लीज’ एवढंच लिहिलंय. बरं, बसूया आज.

सोपा भाग आधी आवरतो. तुमचं पॅन तेच आहे आणि फक्त पाटीवरचं नाव बदललंय, तर जीएसटी नंबर बदलत नाही. पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करायचा, बदल झाल्यापासून पंधरा दिवसांत. तो मंजूर झाला की नवं नाव बिलावर छापायचं आणि लोकांना कळवायचं. झालं. यात फारसं काही बिघडत नाही.

बिघडतं ते पॅन बदलतं तेव्हा. एकट्याचा धंदा होता, मुलगा भागीदार झाला, भागीदारी फर्म झाली. आपल्याकडे हे घराघरात होतं. मुलगा पुण्याहून परत येतो आणि पहिलं काम म्हणजे फर्म काढतो. फर्मचं पॅन वेगळं, आणि जीएसटी नंबरच्या पोटात पॅन असतं, म्हणून जीएसटी नंबरही नवा. ओळखायचं कसं? पंधरा अक्षरांच्या जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघा. एकट्याच्या धंद्याला तिथे ‘पी’ असतो, भागीदारीला ‘एफ’, कंपनीला ‘सी’. पीचा एफ झाला असेल तर तुम्ही नाव बदललेलं नाही, कायद्याच्या नजरेत धंदा एकाकडून दुसऱ्याकडे गेलाय.

हे आमच्या वेंगुर्ल्याच्या काजूवाल्या काकांना पटेना. ‘नाव बदललाहा, माणूस तोच आसा मां?’ असं मलाच विचारत होते. काका, माणूस तोच आहे, पण पोर्टलला माणूस दिसत नाही, नंबर दिसतो.

काकांचीच केस घेऊ. काजूगर फोडून, सोलून, प्रतवारी करून विकतात. गिऱ्हाईक दादरला, म्हापशाला, थोडं कोल्हापूरला. पत्र्याचे डबे कोल्हापूरहून येतात. नवी फर्म १ ऑक्टोबरपासून. आता १ ऑक्टोबर का, म्हणजे दिवाळीच्या ऑर्डरीच्या ऐन तोंडावर, तर ते मुलाला विचारा. हिशेबाला १ एप्रिल सोयीचा, बिलांचे नंबर तसेही तेव्हा नव्याने सुरू होतात. पण एप्रिलमध्ये आपल्याकडे काजू-बीची आवक असते, पत्रं वाचायला वेळ कुणाला? असो.

मुलाने सुंदर मेसेज केला. नवा लोगो, सोनेरी अक्षरं, गणपती, ‘आपले सहकार्य असेच राहो’. नवा जीएसटी नंबर होता, नवं खातं होतं. काय नव्हतं? तारीख! कुठल्या तारखेचं बिल कुठल्या नावावर, हे एका ओळीत लिहिलेलं नव्हतं. माझी चिडचिड होते ती इथेच. लोगोला तीन हजार रुपये देतात आणि तारखेला एक ओळ देत नाहीत.

तारखेचं महत्त्व आधी डबेवाल्याच्या बाजूने बघू. काकांनी वीस सप्टेंबरला डब्यांची ऑर्डर दिली, जुन्या नावाने. डबे निघाले ४ ऑक्टोबरला. कोल्हापूरच्या कारकुनाने ऑर्डर बघितली, जुनं नाव होतं, जुन्या जीएसटीवर बिल फाडलं. डब्यांची किंमत ऐंशी हजार, त्यावर अठरा टक्के म्हणजे १४,४०० रुपये कर. डबेवाल्याने तो भरला, त्याचं काही चुकलं नाही त्याच्या दृष्टीने. पण हे १४,४०० गेले जुन्या नंबराच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट दाखवणाऱ्या पोर्टलवरच्या यादीत. डबे वापरतेय नवी फर्म, तिच्या २बीमध्ये काहीच नाही, म्हणजे तिला या कराची वजावट नाही.

कळतं कधी? पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला २बी तयार होते, तेव्हा. म्हणून पहिले दोन-तीन महिने दोन्ही लॉगिन उघडून बघायची. जुन्यात नव्या तारखेचं बिल दिसलं की लगेच फोन. मग डबेवाल्याला त्याच्या पुढच्या जीएसटीआर-१मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, घेणाऱ्याचा नंबर दुरुस्त करावा लागतो. आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणार, ‘सर, जीएसटीआर-१ए आहे ना त्याच महिन्यात दुरुस्तीला.’ आहे, पण घेणाऱ्याचा जीएसटी नंबर त्यात बदलता येत नाही. तो पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१मध्येच. म्हणजे तुमची वजावट एक महिना तरी लांबली, आणि डबेवाला गणपतीला गावी गेल्यासारखा फोन उचलेनासा झाला तर आणखी. हे सगळं वाचवायला काय लागलं असतं? ‘१ ऑक्टोबर किंवा त्यानंतरच्या तारखेचं प्रत्येक बिल नव्या नंबरावर, ऑर्डर आधीची असली तरी.’ हा शेवटचा तुकडा, ‘ऑर्डर आधीची असली तरी’, तो विसरू नका. कारकून ऑर्डर बघून बिल करतो.

आता तीच तारीख गिऱ्हाइकाच्या बाजूने. म्हापशाच्या दुकानदाराकडे काकांची दोन बिलं होती. एक २८ सप्टेंबरचं, ६२,००० चं, जुन्या नावाने. दुसरं ६ ऑक्टोबरचं, ४५,००० चं, नव्या नावाने. मेसेजमध्ये नवं खातं आलं होतं, त्याने एकरकमी १,०७,००० नव्या खात्यात टाकले. चांगला माणूस, वेळेत दिले. पण काकांनी जुनी येणी स्वतःकडे ठेवली होती, म्हणजे नव्या फर्मकडे ६२,००० जास्तीचे आले. त्याच्या वहीत जुन्या नावाचे ६२,००० देणं तसंच उभं, नव्या नावाला तेवढाच ॲडव्हान्स. पुढच्या बिलाच्या वेळी त्याने ॲडव्हान्स वळता केला, आणि काकांचा मुलगा म्हणतो पैसे कमी आले. दोघेही बरोबर, आणि दोघेही भांडतायत.

तुमच्या करारात जुनी येणी नव्या फर्मकडे दिली असतील तर तसं लिहा, मग सगळे पैसे नव्या खात्यात. नसतील तर लिहा, ३० सप्टेंबरपर्यंतच्या बिलांचे पैसे जुन्याच खात्यात. काहीही ठरवा, पण एकच ठरवा आणि लिहा.

आणि एक गोष्ट फोनवर सांगा, पत्रात तर लिहाच: ‘जुन्या लेजरचं नाव बदलू नका, नवं लेजर उघडा.’ टॅलीमध्ये पार्टीच्या लेजरचं नाव आणि नंबर बदलला की मागची सगळी बिलं नव्या नावाखाली दिसायला लागतात. कारकुनाला वाटतं काम झालं. वर्षअखेरीस हिशेब जुळवायला बसलात की सप्टेंबरची बिलं नव्या फर्मच्या नावावर, जी तेव्हा जन्मलीच नव्हती.

तिसरी बाजू बँकेची, आणि परत तीच तारीख. दादरच्या शेठनी पंचवीस सप्टेंबरच्या बिलाचा चेक दिला, जुन्या नावाचा. चेक हातात आला दिवाळीनंतर. मुलाने तो नव्या फर्मच्या खात्यात भरला, बँकेने परत केला, नाव जुळत नाही म्हणून. म्हणून जुनं चालू खातं घाईने बंद करू नका. सगळी जुनी येणी येईपर्यंत ठेवा, भले त्यात किमान शिल्लक ठेवावी लागेल.

नवं खातं कळवताना नाव बँकेत जसं आहे अक्षरशः तसंच लिहा. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खातं कुणाच्या नावावर आहे ते समोरच्याला बघता येतं. पत्रात एक नाव, बँकेत दुसरं, की शहाणा गिऱ्हाईक थांबतो. थांबलाच पाहिजे. ‘आमचं खातं बदललंय’ असं खोटं पत्र पाठवून पैसे खेचायचा धंदा जुना आहे. तेव्हा पत्रातच सांगा, ‘खात्री करायला आमच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा.’ नेहमीच्या, पत्रात दिलेल्या नव्या नंबरवर नव्हे. सोबत रद्द केलेला चेक आणि नव्या जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र लावा.

मजकूर कसा असावा, वाचून दाखवतो, पॉज करून उतरवून घ्या:

‘आमचा एकमालकी धंदा १ ऑक्टोबरपासून भागीदारी फर्मकडे गेला आहे. जुनं नाव व जीएसटी नंबर असा, नवं नाव व जीएसटी नंबर असा. १ ऑक्टोबर किंवा त्यानंतरच्या तारखेची सर्व बिलं नव्या नावाने करावीत, ऑर्डर आधीची असली तरी. ३० सप्टेंबरपर्यंतच्या बिलांचे पैसे जुन्या खात्यात, नंतरच्या बिलांचे नव्या खात्यात द्यावेत. कृपया जुनं लेजर तसंच ठेवून नवं लेजर उघडावं. नोंद केल्याचं उत्तर द्यावं.’

एवढंच. ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ वगैरे नको. आणि हे शेठना पाठवून थांबू नका. शेठ वाचतात, अंगठा दाखवतात, पुढे सरकतात. बिल फाडणाऱ्या माणसाचा नंबर मिळवा, त्याला पाठवा.

‘मालवणी माणूस’ नावाने एक कमेंट आहे: ‘सर, जुना जीएसटी लगेच रद्द करू का?’ थांबा. अर्जाला तीस दिवस असतात, ते वापरा. जुन्या नंबरात शिल्लक असलेली वजावट नव्या फर्मकडे न्यायला आयटीसी-०२ हा फॉर्म भरायचा असतो, सोबत सीएचं प्रमाणपत्र लागतं, नंबर चालू असतानाच. दुसरं म्हणजे माल परत येणं. म्हापशाचा दुकानदार म्हणाला, सप्टेंबरच्या बिलातले दोन डबे खवट निघाले, तर क्रेडिट नोट जुन्याच नंबरावरून द्यायची, कारण बिल जुन्या नंबराचं. म्हणून पत्रातच सांगा की जुन्या मालाची तक्रार असेल तर अमुक तारखेच्या आत कळवा.

आणि पाकिटं! फूड लायसन्सही फर्मच्या नावावर असतं, नव्या फर्मला नवं लायसन्स. चौदा आकडी नंबर पाकिटावर आणि बिलावर, दोन्हीकडे नवा हवा. काकांकडे जुन्या नंबराची पाकिटं पोतंभर उरलीत, ती काय करायची हे आता दोघं बापलेक एकमेकांना विचारतायत. तुम्ही छापखान्याला ऑर्डर देण्याआधी विचारा.