बुटांचे तीन खोके आणि वीस कार्डं

[दृश्य: वर्ग. बाकं जोडून केलेले गट. बाकांवर पुठ्ठ्याचे खोके.]

ऐरोलीतल्या एका शाळेचा सातवीचा वर्ग. 35 मुलं, पाच-पाच जणांचे सात गट. प्रत्येक गटापुढे बुटांचे तीन रिकामे खोके आहेत आणि पोस्टकार्डाएवढी 20 कार्डं. एका कार्डावर एकच मेसेज, फोनवर दिसतो तसाच छापलेला. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: ‘खरं’, ‘खोटं’ आणि ‘अजून कळलं नाही’.

मोबाइल एकाच्याही हातात नाही. या तासाला त्याची गरजही नाही.

[दृश्य: बाईंच्या टेबलावर कार्डांचा गठ्ठा. लाल शिक्का उमटतो.]

खरी मेहनत असते कार्डं निवडण्याची. 20 पैकी 8 खरी, 8 खोटी, आणि 4 अशी की वर्गात बसून कुणालाच ठरवता येऊ नयेत. हा हिशेब मोडला की खेळ फसतो. गठ्ठ्यात 18 खोटी कार्डं भरली, तर मुलं दहा मिनिटांत हुशार होतात. न वाचताच सगळं ‘खोटं’मध्ये टाकतात आणि 20 पैकी 18 गुण मिळवतात. मग उद्या पाणी येणार नसल्याचा महापालिकेचा खरा मेसेजही ती हसण्यावारी नेतात. म्हणून गुण दोन बाजूंनी मोजायचे. खोटी किती पकडली, हे तर बघायचंच, पण खरी किती फेकून दिली, हेही बघायचं.

आणखी एक काळजी घ्यावीच लागते. प्रत्येक कार्डावर मजकुराच्या मधोमध, आडवा, लाल अक्षरांत ‘सराव’ असा शिक्का हवा. कोपऱ्यात मारलेला शिक्का फोटो काढताना कापला जातो. मग वर्गासाठी बनवलेली अफवा संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर पोहोचते. तास संपला की कार्डं मोजून परत घ्यायची, 140 ची 140.

[दृश्य: एका कार्डावर कॅमेरा जवळ. पत्र, गोल शिक्का, सही.]

सातव्या क्रमांकाचं कार्ड सगळ्या गटांना अडकवतं. ‘ठाणे जिल्ह्यातील सर्व शाळांना उद्या सुट्टी.’ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्राचा फोटो.

“बाई, शिक्का आहे, सही आहे. खरंच आहे हे.”

“पत्र खरं आहे. पण ‘उद्या’ म्हणजे कधीचा उद्या?”

मुलं पुन्हा वाकून बघतात. पत्राचा वरचा भाग, जिथे जावक क्रमांक आणि तारीख असते, तो फोटोतून कापलेला आहे. पण मजकुरात एका जागी राहून गेलंय: ‘गुरुवार, दि. 25 जुलै’. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं जातं. 25 जुलै 2024 मध्ये गुरुवारी होता, 2025 मध्ये तोच शुक्रवारी आला. म्हणजे पत्र जुनं, आणि पाऊस मात्र आजचा. खोट्या मेसेजची ही सगळ्यात साधी तऱ्हा: कागद अस्सल, वेळ चुकीची. शिक्का बघून वार-तारीख न जुळवणारी मोठी माणसंही इथे फसतात.

याच कार्डात दुसरी गाठ आहे. हा मेसेज खारघरच्या मावशीने पाठवला असेल तर? ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर आणि कामोठे नवी मुंबईच म्हणवतात, पण जिल्हा रायगड. मावशीच्या मुलाला सुट्टी असू शकते आणि त्याच दिवशी ऐरोलीची शाळा भरू शकते, किंवा उलटही. दोन्ही मेसेज खरे, फक्त आपापल्या जिल्ह्यापुरते. म्हणून शेवटी विचारायचं ते आपल्याच शाळेला.

[दृश्य: ‘अजून कळलं नाही’चा खोका. त्यात एकच कार्ड.]

पहिल्या फेरीत हा खोका जवळपास रिकामा राहतो. ‘माहीत नाही’ म्हटलं तर गुण जातील, असं मुलांना वाटतं. त्यामुळे या खोक्यात टाकलेल्या योग्य कार्डाला दुप्पट गुण ठेवायचे. मात्र एक अट आहे: कार्डाच्या पाठीमागे, ‘हे कळायला मी कुणाला विचारेन’, हे लिहायचं. ‘गूगलवर बघेन’ हे उत्तर चालत नाही. कुठल्या ऑफिसला, कुठल्या माणसाला, ते नेमकं हवं.

[दृश्य: फळ्यावर ‘राईनपाडा, 1 जुलै 2018’.]

इथे बाई एक घटना सांगतात, तपशील मोजून. 2018 मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज महाराष्ट्रभर फिरत होते. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने त्याच संशयावरून पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्या काळात देशात फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतला होता. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली ती जाहिरात होती आणि शेवटी मोटरसायकलवरचा माणूस मुलाला परत आणून सोडतो. तेवढाच शेवट कापला गेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायला घेतली. ही घटना सांगताना फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचा नाही. बारा वर्षांच्या मुलांना तो पेलत नाही.

[दृश्य: दुसरा तास. खोक्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या जातात.]

कार्डं तीच, प्रश्न नवा: हा मेसेज माझ्याकडून काय मागतो? आता खोके असे: ‘पुढे पाठव’, ‘फोन कर किंवा लिंक उघड’, ‘आकडा किंवा फोटो दे’. काहीच न मागणारी कार्डं बाजूला.

अकरावं कार्ड वाचून बघा. ‘मागील बिल अपडेट नाही. आज रात्री 9.30 वाजता वीज तोडली जाईल. अधिकाऱ्याशी त्वरित संपर्क करा.’ पुढे मोबाइल नंबर. बऱ्याच घरांत आजी-आजोबांचे मेसेज वाचून दाखवायचं काम सातवीतल्या मुलाकडेच असतं, म्हणून हे कार्ड त्यांच्यासाठी आहे. महावितरणचे एसएमएस MSEDCL हे नाव असलेल्या आयडीवरून येतात, कुणाच्या दहा आकडी नंबरवरून नाहीत. त्या नंबरवर फोन केला, की पलीकडचा माणूस एखादं अॅप टाकायला सांगतो. अॅप पडलं, की फोनचा स्क्रीन त्याला दिसू लागतो, आणि त्याबरोबर आलेला ओटीपीसुद्धा. रात्रीची वेळ मुद्दाम दिलेली असते, कारण तेव्हा वीज ऑफिसात जाऊन विचारता येत नाही. मुलांनी करायचं ते एवढंच: फोन लावायचा नाही, आणि जुन्या कागदी बिलावरचा हेल्पलाइन नंबर मोठ्यांना काढून द्यायचा.

पैसे गेलेच, तर लगेच 1930 ला फोन करायचा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

फोटो मागणाऱ्या कार्डांवर वर्ग गप्प होतो. गेममधला अनोळखी ‘मित्र’ आधी चेहऱ्याचा फोटो मागतो, मग दुसरा, आणि नाही म्हटलं की धमकी देतो. इथे गुण द्यायचे नाहीत आणि उत्तरही वर्गात मागायचं नाही. मुलं असं काही लपवतात ते फोन काढून घेतील या भीतीने. म्हणून त्या दिवशी गृहपाठ पालकांना असतो. एका ओळीवर सही: ‘तू सांगितलंस, तर मी फोन काढून घेणार नाही.’ घरी सांगणं शक्यच नसेल, अशांसाठी फळ्यावर मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर, 1098, लिहून ठेवलेला असतो.

[दृश्य: रिकामा वर्ग. खिडकीत एक खोका.]

‘अजून कळलं नाही’चा खोका आठवडाभर खिडकीत राहतो. ज्याने कार्डामागे नाव लिहिलं, त्याने विचारून यायचं. शुक्रवारी त्यातली तीन कार्डं बाहेर निघतात, दोन ‘खरं’मध्ये, एक ‘खोटं’मध्ये. चौथं अजून आतच आहे.