शिट्टी वाजल्यापासून दिवे मालवेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार. शाळेच्या संघांना शिकवणारे क्रीडाशिक्षक आणि मैदानाच्या कडेला उभे राहणारे आईवडील, आज मी मुख्यतः तुमच्याशी बोलणार आहे. विषय आहे सामना संपल्यानंतरच्या तासांचा. सामन्याआधीच्या तयारीवर आपण बरंच बोलतो. सामन्यानंतर मात्र मुलं बॅगा उचलतात आणि पांगतात. एकच सामना असेल तर शरीर हळूहळू सावरून घेतं. पण स्पर्धेत आज संध्याकाळी एक आणि उद्या सकाळी दुसरा सामना असला, तर मधल्या वेळेची आखणी आपणच करायला हवी.

समजा, चौदा वर्षांच्या मुलींचा फुटबॉल संघ आहे. सामना संध्याकाळी ५ वाजता संपला, पुढचा उद्या सकाळी ९ वाजता आहे. अशी आखणी मी नेहमी उलटीकडून करतो, म्हणजे झोपेपासून. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. उद्या साडेसहाला उठायचं आणि नऊ तास झोप मिळायची, तर साडेनऊला अंथरुणात डोळे मिटलेले हवेत. म्हणजे साडेआठपासून मोबाईल बाजूला आणि जेवण साडेसातच्या आत. आता ५ ते साडेनऊ या साडेचार तासांतच सगळं बसवायचं आहे.

पहिली दहा मिनिटं मैदानावरच जातात, आणि नेमकी इथेच गडबड होते. शिट्टी वाजली की प्रशिक्षक मुलींना गोल करून बसवतात आणि सामन्याबद्दल बोलायला लागतात. धावताना पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू आवळत-सैलावत रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. मुलगी एकदम थांबून उभी राहिली की हे ढकलणं थांबतं, रक्त पायांत साचतं आणि मेंदूकडे कमी जातं. मग डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळतं, एखादी चक्कर येऊन पडते. म्हणून शिट्टीनंतर तीन-चार मिनिटं अगदी हलकं धावायचं आणि मग पाच-सहा मिनिटं चालायचं. वेग किती? शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकाच. प्रशिक्षकांना बोलायचं असेल तर त्यांनी सोबत चालत बोलावं. नंतर मांड्या, पोटऱ्या आणि कंबर हळूच ताणायला हरकत नाही. प्रत्येक ताण वीस-तीस सेकंद, झटके न देता.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण मुलांना याबाबतीत उगाच भरवसा दिला जातो. कूल-डाऊन केलं, ताण दिले, म्हणजे उद्या अंग आंबणार नाही, असं नाही. आंबलेल्या अंगाचा दोष लॅक्टिक ॲसिडवर टाकला जातो, पण ते तर तासाभरात रक्तातून निघून जातं. अंग दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे, विशेषतः अचानक थांबताना किंवा उडी मारून खाली येताना, जेव्हा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतं. त्यावर खरा उतारा वेळ, झोप आणि जेवण हाच. कूल-डाऊन हवं ते चक्कर टाळायला, श्वास आणि नाडी सावकाश खाली आणायला. शिवाय कोण लंगडतंय ते या दहा मिनिटांत प्रशिक्षकांच्या नजरेत येतं, आणि मला त्याची किंमत फार वाटते.

आता पाणी. किती प्यायचं हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा वजनकाटा चांगलं सांगतो. सामन्याआधी लघवीला जाऊन आल्यावर आणि सामन्यानंतर घाम पुसून, दोन्ही वेळा बूट काढून, हलक्या कोरड्या कपड्यांत, त्याच काट्यावर वजन घ्यायचं. आपल्या संघातली मधल्या फळीतली एक मुलगी घेऊ. आधी ४८ किलो, नंतर ४७.१. सामन्यात ती ४०० मिलिलिटर पाणी प्यायली होती. म्हणजे घाम गेला साधारण १.३ लिटर, आणि त्यातला ०.९ लिटर अजून भरून यायचा आहे. प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे जातंच, म्हणून पुढचा सामना जवळ असेल तर तुटीच्या दीडपट धरतात. हिच्यासाठी ते होतं सुमारे १.३५ लिटर.

हे पाणी एका दमात ढोसायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात ३०० मिलिलिटर, मग जेवणापर्यंत घोटघोट अर्धा लिटर, जेवणाबरोबर आणि त्यानंतर ३०० आणि उरलेलं सकाळी उठल्यावर. जेवणातलं नेहमीचं मीठ पाणी शरीरात धरून ठेवायला मदत करतं, म्हणून मध्ये नीट जेवण होणार असेल तर वेगळ्या स्पोर्ट्स ड्रिंकची गरज नसते. साडेआठनंतर मात्र तहानेपुरतंच. रात्री दोनदा लघवीला उठावं लागलं, तर पाण्याने जे कमावलं ते झोपेने घालवलं.

त्याच संघातल्या गोलकीपरचं वजन फक्त २०० ग्रॅम उतरलं असेल. तिला जेवणाबरोबर तहानेपुरतं पाणी पुरे. आणि एखादीचं वजन सामन्यानंतर वाढलेलं दिसलं, तर ती गरजेपेक्षा जास्त प्यायली आहे. तिला आणखी पाणी पाजू नका. खूप पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, उलटी, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. ती दिसली तर थेट डॉक्टरांकडे. म्हणूनच सगळ्यांनी दोन-दोन बाटल्या संपवा, हा सरसकट हुकूम मला मान्य नाही.

वजनाबद्दल कळकळीची विनंती आहे. या वयात मुलं आपल्या शरीराबद्दल हळवी असतात. वजन आडोशाला घ्या, आकडा मोठ्याने वाचू नका, यादी भिंतीवर लावू नका. आपल्याला हवा आहे फक्त आधीचा आणि नंतरचा फरक. काटा नसेल किंवा कुणाला त्यावर उभं राहायचं नसेल, तर लघवीचा रंग बघायला शिकवा. फिकट पिवळा ठीक, गडद पिवळा म्हणजे पाणी कमी. चहासारखा तपकिरी रंग आणि सोबत स्नायू खूप दुखत असतील, तर ते पाणी पिऊन घरी थांबण्याचं दुखणं नव्हे, लगेच दवाखाना गाठायचा.

झोपेच्या बाबतीत एक अडचण आहे. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे या मुलांना लवकर झोप येत नाही. त्यात सामन्याचा जोश उतरलेला नसतो. रागावून काही साधत नाही. खोलीतला उजेड कमी करा, खोली थोडी थंड ठेवा, मोबाईल सगळ्यांचे एकत्र ठेवा आणि आज सामन्याची चर्चा जेवणाच्या आत संपवा. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा भाग गाढ झोपेत स्रवतो, आणि ही गाढ झोप रात्रीच्या पहिल्या प्रहरांत जास्त असते.

सकाळी सातच्या सुमारास, न्याहारीआधी, दहा मिनिटं चालणं आणि सांधे मोकळे करणं पुरे. दम लागेल असं काही नको. तेवढ्यात प्रत्येकीला विचारा: झोप किती झाली, दुखतंय कुठे? दोन्ही मांड्या सारख्या जड असतील तर चालण्याने सैलावतात आणि ती मुलगी खेळू शकते. पण एकाच बाजूला, बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, सांधा सुजला असेल किंवा चालताना लंगडत असेल, तर ती आज खेळणार नाही, आणि हे तिला मैदानावर सर्वांसमोर नको, न्याहारीच्या वेळीच बाजूला घेऊन सांगा.