मेनूकार्डाचा फोटो आणि ताटातला स्टार्च

मंडळी, पडद्यावर दिसते आहे ते पुण्यातील एका उपाहारगृहाचे मेनूकार्ड. ज्यांच्या कुटुंबाने मला हा फोटो पाठवला, ते गृहस्थ साठीच्या आसपासचे आहेत, मधुमेहासाठी गोळी घेतात आणि त्या दिवशी त्यांचा उपास नव्हता. प्रश्न एवढाच होता की साबुदाणा खिचडी, मिसळपाव आणि थालीपीठ यांपैकी त्यांनी काय मागवावे. घरच्यांचा कौल खिचडीला होता, कारण ती ‘हलकी’ आणि मिसळ ‘जड’.

या ‘हलकी’ शब्दाशी माझे जुने भांडण आहे आणि ते मला आज सविस्तर मांडू द्या. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. कंद किसून, धुऊन त्यातला स्टार्च वेगळा काढतात आणि त्याचे दाणे करून भाजतात किंवा वाफवतात. तामिळनाडूतील सेलमच्या परिसरात हा उद्योग मोठ्या प्रमाणावर चालतो. या प्रक्रियेत कंदाचा चोथा मागे राहतो आणि आपल्या हाती जवळजवळ निव्वळ स्टार्च, म्हणजे पचनात साखर होणारे कर्बोदक, येतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात, तर प्रथिने एक ग्रॅमही भरत नाहीत. उपाहारगृहातील भरलेल्या बशीत ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा धरला, तर ६५ ग्रॅम कर्बोदके त्यातूनच येतात आणि बटाट्याच्या फोडी धरून आकडा ७५ च्या घरात जातो. गंमत अशी, की अनेकजण वेटरला ‘खिचडीत साखर घालू नका’ असे आवर्जून सांगतात. ती चमचाभर साखर फार तर पाच ग्रॅमची असते. तिच्यावर पहारा बसवायचा आणि साबुदाण्याला मोकळे सोडायचे, यात रक्तातील साखरेच्या दृष्टीने फारसे काही साधत नाही. शेंगदाण्याचे कूट आणि तूप यांमुळे पचनाचा वेग थोडा मंदावतो हे खरे, परंतु त्यामुळे स्टार्चचे वजन कमी होत नाही.

आता मिसळ पाहू. एका लादीपावात सुमारे २० ग्रॅम, मटकीच्या उसळीत २० ते २५ ग्रॅम आणि मूठभर फरसाणात १२ ते १५ ग्रॅम कर्बोदके धरली, तर दोन पावांसह मिसळही ७५ च्या आसपासच येते. मग फरक कुठे आहे? मिसळीत स्टार्चचा मोठा भाग वेगळ्या बशीत, पावाच्या रूपाने येतो. एक पाव परत केला आणि फरसाण निम्मे ठेवायला सांगितले, तर बेरीज ५० च्या आसपास येते, आणि मटकीतील प्रथिने व तंतू जसेच्या तसे उरतात. खिचडीतून साबुदाणा निवडून बाजूला काढता येत नाही. तिथे निम्मी बशी दुसऱ्याला देणे हाच मार्ग उरतो. म्हणून फोटो पाहताना माझा पहिला प्रश्न असा असतो: या पदार्थातील स्टार्च वेगळा ठेवता येतो का?

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे ज्यासाठी आपण जमलो ती तुलना आता भरभर सांगतो. थालीपीठाच्या भाजणीत धान्यांबरोबर डाळीही असतात. ८० ग्रॅम भाजणीचे एक थालीपीठ सुमारे ५० ग्रॅम कर्बोदके देते आणि ते तोडून अर्धे ठेवता येते. सोबत लोण्याऐवजी दही घ्यावे. या गृहस्थांसाठी माझा क्रम एक पाव घेऊन मिसळ, मग थालीपीठ आणि शेवटी खिचडी असा लागला.

मात्र फोटोत किंमत दिसते, वजन दिसत नाही. त्यामुळे वर दिलेले सगळे आकडे अंदाजाचे आहेत आणि ‘थालीपीठ एक की दोन, पाव किती’ हे वेटरला विचारावेच लागते. ‘मल्टिग्रेन’ असे छापलेले असले, तरी पीठ किती हे त्यावरून कळत नाही. उसळ आधी खाऊन पाव नंतर खाल्ला, तर जेवणानंतरची साखर सहसा कमी चढते.

अंदाज खरा ठरला का, हे पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहावे. बऱ्याच प्रौढांसाठी १८० मिलिग्रॅमच्या आत हे लक्ष्य असते, आपले लक्ष्य डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. साबुदाणावड्यासारख्या तळलेल्या पदार्थात चरबीमुळे चढ उशिरा येतो, म्हणून दोन तासांचा आकडा चांगला दिसला तरी आणखी एक-दोन तासांनी पुन्हा मोजावे. आणि जेवणाआधीची इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणू शकणारी गोळी ज्यांना दिलेली आहे, त्यांनी पदार्थ टेबलावर येण्याआधी ती घेऊ नये, कारण गर्दीच्या दिवशी ऑर्डर लांबली तर साखर ७० च्याही खाली जाऊ शकते.