मनी कोपऱ्यात काय बघते?

मंडळी, मी गेली बरीच वर्षं पशुवैद्य म्हणून काम करतो. एका आजींनी त्यांची मनी माझ्याकडे आणली होती. जुन्या वाड्यातलं घर. रोज रात्री दिवे मालवले की मनी स्वयंपाकघरात जायची आणि ओट्याखालच्या रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून बसायची, कधी अर्धा तास, कधी तास. शेजारपाजारच्यांनी आजींच्या मनात भरवलं होतं की मांजराला नको ते दिसतंय, तिला लांब कुठेतरी सोडून या. आजी रडवेल्या झाल्या होत्या. मनी तपासली, तर ठणठणीत. म्हणून मी एका रात्री त्यांच्या घरीच गेलो.

आपण मनीचे डोळे बघतो, आणि तिथेच फसतो. मी तिचे कान बघत होतो. दोन्ही कान कोपऱ्याकडे रोखलेले. मधूनच एक कान जरासा फिरायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. ती ऐकत होती. मांजराला आवाजाची दिशा सापडली की ते नजरही तिकडेच लावतं. म्हणजे आपल्याला दिसते ती टक, पण चाललेलं असतं ऐकणं.

माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तोही तरुणपणी. मांजराला पंचाऐंशी हजारांपर्यंतचा येतो. एवढं ऐकून त्याला करायचंय काय? उंदराची पिल्लं! उघड्या अंगाची, डोळे मिटलेली ही पिल्लं स्वतःची ऊब टिकवू शकत नाहीत. आई चारा शोधायला बाहेर पडली की घरटं गार पडतं आणि ती आईला हाका मारतात. या हाका बहुतेक चाळीस ते ऐंशी हजार हर्ट्झच्या असतात. आपल्या दृष्टीने घर शांत असतं, मांजराच्या दृष्टीने भिंतीत कोणीतरी रडत असतं.

इथे एक अडचण आहे. इतका बारीक आवाज विटांच्या भिंतीतून आरपार येत नाही, भिंत तो परतवते. त्याला बाहेर पडायला फट लागते. म्हणून मी ओट्याखाली टॉर्च मारला. मोरीचा पाइप भिंतीत शिरतो तिथलं सिमेंट निघालं होतं. करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक, आणि मनीची नजर नेमकी त्याच्यावर.

वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या एका मित्राकडे असे आवाज आपल्या कानाला झेपतील इतके खाली आणणारं यंत्र आहे. दुसऱ्या रात्री ते भोकाशी धरलं. आधी नुसती खरखर. साडेदहानंतर बारीक टिकटिक सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. आजींनी यंत्र कानाला लावलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, हिला रोज हे ऐकू येतं?”

पिल्लं दोन आठवड्यांची झाली, अंगावर लव आली, डोळे उघडले की या हाका थांबतात. तिथल्याही थांबल्या. मनी मात्र पुढे काही रात्री तिथे बसत होती. बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसणं ही मांजराची शिकारीची रीतच आहे. त्यामुळे आवाज बंद झाला तरी टक लगेच सुटत नाही.

दर वेळी उंदीरच असेल असं नाही. चौकटीमागची पाल असते, घड्याळाच्या काचेचा कवडसा असतो. अशा वेळी मांजर भानावर असतं, हाक मारली की निदान एक कान तुमच्याकडे वळतो. कान वळत नसेल, तोंडाची एक बाजू फडफडत असेल, लाळ गळत असेल, तर तो झटका असू शकतो. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि दाखवायला आणा. मांजर भिंतीला डोकं दाबून उभं राहत असेल तर त्याच दिवशी आणा.

म्हातारं मांजर अचानक असं करायला लागलं तर मला जास्त काळजी वाटते. चौदा वर्षांचा एक बोका आला होता. घरचे म्हणाले, दोन दिवस नुसता भिंतीकडे बघतोय. भर उजेडात त्याच्या बाहुल्या पसरलेल्या होत्या. रक्तदाब दोनशेच्या वर. म्हातारपणी मूत्रपिंडं थकली की मांजरांचा दाब चढतो आणि डोळ्यातला पडदा सुटतो. तेव्हाच औषध सुरू झालं तर कधी थोडी नजर परत येते, उशीर झाला तर येत नाही. मी त्याच्यासमोर कापसाचा बोळा वरून सोडला. कापूस पडताना आवाज होत नाही, म्हणून तो वापरायचा. दिसणारं मांजर त्याच्यामागे नजर फिरवतं. बोक्याची नजर हलली नाही. मग मी बोळा उचलायला वाकलो, बाही जराशी सळसळली, आणि त्याचे दोन्ही कान माझ्याकडे वळले.