आधी ओठ बघ

नमस्कार श्रोतेहो. आज ज्या दाण्यांबद्दल बोलणार आहे, ते गुप्तांगावर असतात. घरात वडीलधारं कोणी असलं तरी रेडिओ बंद करू नका. बहुतेक त्यांच्याही अंगावर ते असणार. रव्याच्या कणाएवढे, पांढरे किंवा पिवळट.

तुळशीचं लग्न झालं होतं आणि नार्व्याकडच्या एका मुलाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. दोन फेरीबोटी बदलून तो माझ्याकडे आला, एक नार्व्याहून दिवाडीला, दुसरी दिवाडीहून पलीकडे. (या फेऱ्या बंद करून सगळीकडे पूल बांधा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पुलावरून माणूस नुसता पळतो. फेरीत दहा मिनिटं उभं राहावं लागतं, आणि डॉक्टरला काय सांगायचं ते तिथं ठरतं.) असो. तर हा मुलगा खुर्चीवर नीट बसेना. तिरका टेकला आणि म्हणाला, "डॉक्टर, मला घाणेरडा रोग झालाय. लग्न मोडावं लागणार."

हळूहळू सगळं बाहेर आलं. न्हाणीत मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात त्यानं लिंगाची कातडी ताणून पाहिली, तर तीस-चाळीस दाणे! मग फोनवर चित्रं बघितली. त्यात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे चामखीळ होते. झालं, पोटात गोळा. गावात ओळखतील म्हणून म्हापशाला जाऊन फार्मसीत कुरूपाचं औषध मागितलं, म्हणजे टाचेला लावतात ते. मालकानं काही न विचारता दिलं. (न विचारता औषध देणं याला आपण सेवा म्हणतो, यावर एकदा वेगळं भाषण करीन.) तीन रात्री काडीनं लावलं. टाचेची जाड कातडी उतरवणारं ते आम्ल, इथली कातडी तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मी तपासलं तेव्हा रुपयाएवढा भाग लाल, ओला, सोललेला होता. आणि गंमत बघा, भोवतीचे दाणे जिथल्या तिथं!

औषध बंद, साध्या पाण्यानं धुणं, दिवसातून तीनदा व्हॅसलिनचा पातळ थर, एवढंच सांगितलं. मग हातात आरसा दिला. म्हटलं, "बाबा, आता आधी वरचा ओठ बघ. जरा ताण." ताणला. ओठाच्या कडेला तेच पिवळे कण. तो आरशात बघतच राहिला. "हे तर शाळेत असल्यापासून आहेत!"

"मग तेही तेवढेच जुने," मी म्हटलं.

श्रोतेहो, या तेलग्रंथी आहेत. एरवी तेलग्रंथी केसाच्या मुळाशी उघडते. ओठावर, लिंगावर, योनीच्या आतल्या ओठांवर काही ग्रंथी केसाविना असतात आणि सरळ कातडीवर उघडतात. पिवळेपणा आतल्या तेलाचा. त्या जन्मापासून असतात, वयात येताना फुगून दिसायला लागतात. फोर्डाइस नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 1896 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्याचं नाव. हा संसर्ग नाही, पुन्हा सांगतो, संसर्ग नाही. दाबले तर जाडसर पांढरं काही येतं, पण दाबू नका. कातडी सुजते आणि नवी चिंता सुरू होते.

चामखीळ ओळखायची कशी? ती एचपीव्ही विषाणूमुळे होते, बहुधा त्याच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे, शरीरसंबंधातल्या कातडीच्या स्पर्शातून. संबंधानंतर काही आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी दिसते. तेलग्रंथी एक ते तीन मिलिमीटरच्या, सारख्या, आणि कातडी ताणली की ठळक होतात. बोट फिरवलं तर जेमतेम लागतात. चामखीळ वर उठते, खरखरीत लागते, वाढते, शेजारच्यांना चिकटून गड्डा करते. म्हणून ध्यानात ठेवा: वर्षानुवर्षं तसेच राहणारे दाणे, घाबरू नका. नवे आलेले, वाढणारे, रक्त येणारे, मध्ये खळी पडलेले, ते डॉक्टरला दाखवा. काही वेळा आम्हालाही नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. मग छोटा तुकडा काढून तपासतो. पण कुरूपाचं औषध दोन्हींवर नको. दोन्हींवर नको.

त्याची जखम दहा-बारा दिवसांत भरली, लग्न ठरल्या दिवशी झालं. महिन्यानं दोघं आली. आता तिचा प्रश्न होता. तिलाही आतल्या ओठांवर पिवळे कण दिसले होते, आणि ते नवऱ्याकडून लागले असं तिनं धरलं होतं. नर्सबाईला बरोबर घेऊन तपासलं. तेच दाणे. आरसा तिच्याही हातात दिला. वरचा ओठ ताणून तिनं बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे तर माझे माहेरचेच!"