पश्चिमेची भिंत आणि मधली चार सेंटिमीटर हवा

(सोलापुरात घर बांधणाऱ्या आणि बांधून झालेल्या मंडळींसमोर केलेल्या बोलण्याचं थोडं नीटनेटकं केलेलं टिपण)

नमस्कार मंडळी. आज मी एकाच भिंतीबद्दल बोलणार आहे. विजापूर रोडकडचं एक दुमजली घर आहे, त्याची पश्चिमेची भिंत, तीस फूट रुंद, वीस फूट उंच, नऊ इंची विटांची, दोन्हीकडून प्लास्टर. घरमालकांची तक्रार दोन सीझनची होती. मे महिन्यात रात्री अकरा वाजता बेडरूमच्या भिंतीला हात लावला की गरम लागायची, आणि सप्टेंबरचा पाऊस झोडपून गेला की त्याच भिंतीला आतून पोपडे धरायचे.

रात्री अकरालाच का, तर नऊ इंची वीट ऊन लगेच आत सोडत नाही, तिला साधारण सहा ते आठ तास लागतात, म्हणजे चार वाजताचं ऊन तुम्ही झोपायला जाता तेव्हा आत पोचतं. आणि पश्चिमच का, तर मे महिन्यात आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागतच नाही, पण तीननंतर तो खाली उतरतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर सरळ समोरून पडतो. पावसाळ्यात वारा पण बऱ्याचदा त्याच बाजूने, म्हणजे ऊन आणि पाऊस दोन्ही एकाच भिंतीच्या नशिबी.

त्यांनी यावर इलाज म्हणून क्लॅडिंग, म्हणजे भिंतीच्या बाहेरून शीटचं आवरण, करून घेतलं होतं. फायबर सिमेंटच्या शीट, गडद राखाडी, भिंतीपासून 40 मिमी पुढे, जीआय सेक्शनवर, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पट्ट्यांवर. दिसायला एकदम झकास. आणि फरक? रात्रीची भिंत किंचित कमी गरम, ओल मात्र आधीपेक्षा जास्त. मला बोलावलं तेव्हा ते म्हणाले, "सर, एवढे पैसे घातले आणि भिंत आता दिसत पण नाही, आत काय चाललंय कळतच नाही."

आता हे काम कसं करतं ते आधी बघू. बाहेरच्या शीटने पाऊस शंभर टक्के अडवायचा असं यात नसतंच, हे ऐकून लोकांना धक्का बसतो. दोन शीटमध्ये आठ-दहा मिमीची फट मुद्दाम उघडी ठेवतात. साध्या प्लास्टरवर पाऊस पडला की केसासारख्या भेगेतून पाणी ओढलं जातं, आणि वर वाऱ्याचा दाब त्याला आत ढकलतो. इथे फट रुंद आहे म्हणून पाणी दोन्ही कडांना धरून ओढलं जात नाही, आणि मागची पोकळी बाहेरच्या हवेशी जोडलेली असल्यामुळे शीटच्या पुढचा आणि मागचा दाब बराचसा सारखा होतो, मग ढकलणारं कोणी उरत नाही. जे थोडे थेंब तरीही आत उडतात ते शीटच्या पाठीवरून ओघळून खालच्या फटीतून बाहेर पडतात. भिंतीपर्यंत फार थोडं पोचतं, आणि पोचलं तरी मागून वारा फिरत असल्यामुळे वाळतं. ओली चादर भिंतीला चिकटवून ठेवा आणि दुसरी दोरीवर घाला, कुठली आधी वाळते हे सोलापुरात मी सांगायला नको.

गरमीचं पण ऐका, इथे मला स्पष्ट बोलायचंय कारण विकणारे सगळं श्रेय वाऱ्याला देतात. मोठं काम सावलीचं आहे. ऊन शीटवर पडतं, भिंतीवर नाही. शीट तापते, तिची बरीच उष्णता बाहेरच्या हवेत परत जाते. पण तापलेली शीट मागच्या भिंतीकडे पण उष्णता फेकत असते, तव्याजवळ हात नेला तर न शिवता जाणवतं ना, तसं. आणि मधली हवा तापून हलकी होते, वर चढते, वरच्या फटीतून निघून जाते, खालून तिच्या जागी बाहेरची हवा येते. हा ओढा फार जोराचा नसतो, पण भिंतीलगत गरम हवा साठून राहत नाही, हा त्याचा फायदा. मर्यादा पण कळू द्या: बाहेर 43 असेल तर फटीत 43 च्या खाली काही येणार नाही. हा कूलर नाही.

तर या घरात काय चुकलं होतं. मी संध्याकाळी साडेचारला उदबत्ती पेटवून शीटच्या खालच्या काठाशी धरली. ऊन भिंतीवर रणरणत होतं, धूर आत ओढला जायला हवा होता, पण तो सरळ बाहेरून वर गेला. वाकून बघितलं तर खालची फट सिमेंटने लिंपलेली, कारण गवंड्याला वाटलं की उंदीर-पाली शिरतील. शिडी लावून वर बघितलं तर गच्चीच्या कठड्याचं कोपिंग, म्हणजे त्याच्या माथ्यावरचं झाकण, थेट शीटवर बसवलेलं. म्हणजे डबा दोन्हीकडून बंद. दोन शीट उघडल्या तर तिसरी गोष्ट सापडली, सेक्शन आडवे लावले होते, दर दोन फुटाला एक. खालून हवा आली असती तरी पहिल्याच आडव्या पट्टीवर अडकली असती, आणि आत शिरलेलं पाणी त्याच पट्टीवर साचून भिंतीकडे वळत होतं. पट्टीवर गंजाची रेघ आणि तिच्या बरोबर पलीकडे, बेडरूमच्या आतल्या बाजूला, पोपडे. ओल वाढली त्याचं कारण हेच, पाणी आत जात होतं आणि वाळायला हवाच नव्हती.

शीट सगळ्या उतरवल्या, त्याला पर्याय नव्हता. सेक्शन उभे केले, ब्रॅकेट आणि भिंतीमध्ये प्लास्टिकचे जाड पॅड घातले म्हणजे लोखंडातून उष्णता सरळ विटेत उतरत नाही. आधी भिंतीच्या भेगा भरून प्लास्टर दुरुस्त केलं, कारण शीटच्या मागे भिंत नीट नसेल तर नंतर हात पोचत नाही. खाली पूर्ण लांबीत फट उघडी ठेवली, उंदरासाठी बारीक स्टीलची जाळी, सिमेंट नाही. वर कोपिंग दोन बोटं उचलून पुढे काढलं, म्हणजे पाऊस आत पडत नाही पण हवा निघते. खिडकीच्या चौकटीवर पत्र्याची पन्हाळी दिली, कारण पोकळीतलं पाणी सगळ्यात आधी खिडकीच्या डोक्यावर येतं. शीट परत लावताना फिका रंग दिला. मग परत उदबत्ती. या वेळी धूर खालच्या फटीत वळला आणि थोड्या वेळाने वर कोपिंगखालून पुसट दिसायला लागला, घरमालक शिडीवर उभे राहून ओरडून सांगत होते.

एक गोष्ट मात्र मी जीव तोडून सांगतो. जी पोकळी हवा वर ओढते तीच आग लागली तर आग पण वर ओढते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 ला आग लागली, 72 माणसं गेली, तिथे बाहेरच्या अॅल्युमिनियम पॅनेलच्या पोटात प्लास्टिक होतं आणि मागे अशीच पोकळी होती. म्हणून स्वस्त पडतं म्हणून पोटात प्लास्टिक असलेलं अॅल्युमिनियमचं पॅनेल, म्हणजे प्लास्टिक कोअरचं एसीपी, लावू नका, आणि इमारत उंच असेल तर दर मजल्याला पोकळीत आग अडवणारी पट्टी लागते, जी एरवी हवा सोडते आणि तापली की फुगून फट बंद करते.

कोणीतरी विचारलं, मग आम्ही सगळ्यांनी करायचं का. दुमजली घर असेल आणि छत तापत असेल तर पैसे आधी गच्चीवर घाला, दिवसभराचं ऊन सगळ्यात जास्त तीच खाते. आणि ओल जर जमिनीपासून दोन-तीन फुटापर्यंतच असेल, पांढऱ्या मिठाची रेघ असेल, तर ती जमिनीतून वर चढणारी ओल आहे, तिला बाहेर शीट लावून काही होत नाही. पावसानंतर एक-दोन दिवसात, वरच्या भागात, खिडकीच्या आसपास डाग उठत असतील तर मग ही पद्धत तुमच्यासाठी आहे. आणि ज्यांच्याकडे आधीच लावलेली आहे त्यांनी उद्या दुपारी चारनंतर, वारा पडलेला असताना, खालच्या काठाशी उदबत्ती धरून बघा.